चित्रावरून गोष्ट, इयत्ता तिसरी: तीन खणांच्या कागदाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. आमच्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. चित्र देऊन गोष्ट लिहून घ्यायला लागल्यापासून पालक आणि शेजारच्या शाळांतल्या टीचर मला साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी गोम तिथेच आहे.

चित्रवर्णन आणि चित्रावरून गोष्ट यांत फरक काय? मुलं दोन्हीत तेच लिहितात.

दुसरीपर्यंत आपण मुलांकडून चित्रवर्णन करून घेतो. "चित्रात एक झाड आहे. झाडाखाली गाय आहे. आकाशात ढग आहेत." यात चूक काही नाही, पण त्यात वेळ पुढे सरकत नाही. तिसरीतलं मूल चित्र समोर आलं की सवयीने "चित्रात" हा शब्द लिहितं आणि मग "आहे, आहे, आहे" अशी मालगाडी सुरू होते. गोष्टीत मात्र आधी काहीतरी असतं, मग काहीतरी बिघडतं आणि नंतर ते निस्तरलं जातं. म्हणजे क्रियापदं "आहे"वरून "झालं, गेला, पडली, धरलं" इकडे सरकावी लागतात.

कागद हातात घेतल्यावर मी आधी एवढंच पाहते, की पहिल्या तीन वाक्यांत "आहे" किती वेळा आलं. तिन्हींत आलं असेल तर मूल अजून चित्राच्या बाहेर उभं राहून बघतंय.

म्हणून गोष्टीच्या तासाला "चित्रात" हा शब्द मी वापरू देत नाही. पहिल्या दिवशी पोरं गोंधळतात. एकाने मला विचारलं होतं, "टीचर, मग सुरुवात कशी करू?" त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि कागदाला तीन खण पाडायचे ते त्याच्यासाठीच.

हा तीन खणांचा कागद म्हणजे नक्की काय?

वहीचं एक पान आडवं धरायचं आणि उभ्या दोन रेघा मारून तीन खण करायचे. वर लिहायचं: सुरुवात, मधला भाग, शेवट. बऱ्याच ठिकाणी हे तिन्ही खण सारखे आखलेले असतात आणि माझ्या मते गडबड तिथूनच सुरू होते. खण सारखे असले की मुलाला वाटतं, तिन्हीत सारखंच लिहायचं. मी मधला खण बाकीच्या दोघांच्या दुप्पट रुंद ठेवते आणि त्याला आडवी रेघ मारून वर "काय बिघडलं?" आणि खाली "मग काय केलं?" असं लिहिते. सुरुवातीच्या खणात "कोण? कुठे? काय करत होता?" एवढेच प्रश्न, आणि शेवटच्या खणात "बिघडलेलं नीट झालं का? कसं?" हा एकच.

छापील कागदाची गरज नाही. मुलांनी पट्टीने रेघा मारल्या तर पाच मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत. स्वतः आखलेल्या खणात मुलं जरा जपून लिहितात असा माझा अनुभव आहे.

चित्र कोणत्या खणात येतं?

हा प्रश्न मला फारसं कुणी विचारत नाही, आणि विचारायला हवा तो हाच. बहुतेक जण धरून चालतात की चित्रात संपूर्ण गोष्ट आहे आणि मुलाने ती बाहेर काढायची आहे. पण एका चित्रात एकच क्षण असतो. पेला टेबलाच्या कडेवरून खाली येतोय, अजून फुटलेला नाही, असा. हा क्षण गोष्टीत कुठे बसवायचा हे मुलाने ठरवायचं असतं.

तिसरीला मी सुरुवातीचे महिने चित्र मधल्या खणाच्या वरच्या अर्ध्या भागातच बसवते, म्हणजे "काय बिघडलं?" मध्ये. त्यामुळे एक सोय होते. "याच्या आधी काय झालं असेल?" याचं उत्तर सुरुवातीच्या खणात जातं, आणि "याच्यानंतर काय होईल?" याचं उत्तर मधल्या खणाच्या खालच्या भागात आणि शेवटात. मुलाला डोक्यातून पूर्ण गोष्ट काढावी लागत नाही. चित्राला अलीकडून आणि पलीकडून दोन शेपट्या जोडल्या की झालं.

चित्र सुरुवातीच्या खणात ठेवलं तर पुढचं सगळं मुलाला कल्पनेने रचावं लागतं आणि आठ वर्षांची बरीच मुलं तिथे थांबतात. शेवटच्या खणात ठेवणं तर त्याहून अवघड, कारण मग उलटं चालत जावं लागतं. चौथीच्या पोरांना ते जमतं. त्याच चित्रावर तिसरीने पुढे जायचं आणि चौथीने मागे, असं केलं की एका खोलीत दोन्ही वर्ग चालतात.

मधला भाग नेहमी रिकामा का राहतो?

कारण मुलांना बिघडलेलं लगेच नीट करायची घाई असते. "चेंडू विहिरीत पडला. बाबांनी काढला. सगळे खूश झाले." संपलं! तीन वाक्यांत गोष्ट आली आणि गेली, मधल्या भागात कुणी धडपडलंच नाही.

यावर माझा एकच उपाय आहे. "मग काय केलं?" या भागात दोन ओळी आखायच्या आणि नियम असा, की पहिल्या ओळीतलं फसलं पाहिजे. चेंडू विहिरीत पडला, तर आधी मुलाने स्वतः काठीने प्रयत्न करायचा आणि काठी अपुरी पडायची. दुसऱ्या ओळीत जे जमेल ते. एवढ्याने मधला भाग दोन वाक्यांवरून पाच-सहा वाक्यांवर जातो, आणि ती वाक्यं मोजून वाढवलेली नसतात.

आणखी एक नियम पोरांना आधी आवडत नाही. अडचण सोडवणारा माणूस चित्रातलाच हवा. बाबा, पोलीस, परी, सुपरहिरो बाहेरून आणायचे नाहीत.

एखादं चित्र घेऊन सगळं करून दाखवाल का?

दाखवते. हे चित्र मी स्वतः काढलं होतं, आणि मी काही चित्रकार नाही. पावसाळी सकाळ. फेरीचा धक्का, आमच्याकडे नार्व्याहून दिवाडीला जायला आहे तसा. फेरी धक्क्याला लागलेली. धक्क्याच्या उतारावर पोदेराची सायकल आडवी पडलेली, टोपली कलंडलेली, तिच्यावरचं निळं प्लास्टिक वाऱ्याने उडालेलं, चार-पाच उंडे चिखलात. एक तांबडा कुत्रा तोंडात उंडा धरून पळतोय. बाजूला छत्री आणि कापडी पिशवी घेतलेला एक मुलगा. बस्स.

पहिल्या दिवशी काही न सांगता मी गोष्ट लिहायला सांगितली. एका मुलीचा कागद असा आला: "चित्रात पोदेर आहे. एक कुत्रा आहे. पाव खाली आहेत. पाऊस आहे. मुलाकडे छत्री आहे. पोदेराला वाईट वाटले." शेवटचं वाक्य बघा. तिला गोष्टीचा धागा सापडला होता, पण ती तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल बाजूला ठेवून चित्र फळ्यावर लावलं. आमचा तास पस्तीस मिनिटांचा असतो, त्यातली पंधरा मिनिटं नुसतं बोललो.

मी विचारलं, "याच्या आधी पाच मिनिटं हा मुलगा काय करत होता?"

"टीचर, पोदेराची वाट बघत होता. पों पों ऐकू आलं."

"मग पिशवी कशाला?"

"पाव आणायला. आईने पाठवला."

झालं, सुरुवातीचा खण भरला. मग मी विचारलं, "बिघडलं ते काय?" सगळे एकदम ओरडले, "पाव पडले!" इथे घाई करायची नाही. पाव पडले ही घटना आहे, अडचण अजून नीट कळलेली नाही. मी पुन्हा विचारलं, "पडले तर पडले. पोदेराला त्याचं काय?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून, जो एरवी तोंड उघडत नाही त्या मुलाचा आवाज आला, "फेरी सुटेल ना. त्याला पलीकडे जायचंय. पलीकडचे लोक वाट बघतात."

फेरी चित्रात पहिल्यापासून होती, पण तोपर्यंत ती नुसती मागची सजावट होती. त्या वाक्याने ती गोष्टीत आली. आता वेळ कमी होता, पाव भिजत होते आणि कुत्रा पळत होता. मग आम्ही "काय केलं?" वर आलो. पहिल्या ओळीत काय फसवायचं यावर वर्गात भांडण झालं. काहींना कुत्र्याच्या मागे पळायचं होतं, काहींना फेरी चालवणाऱ्याला थांबवायचं होतं. मी सांगितलं, दोन्ही चालेल, ज्याने त्याने आपलं निवडायचं.

त्याच मुलीचा खणांचा कागद असा झाला:

सुरुवात: सोहम. फेरीचा धक्का. पाऊस. पाव आणायला आला.

काय बिघडलं: सायकल घसरली. टोपली पडली. फेरी सुटणार.

मग काय केलं: कुत्र्याच्या मागे धावला, नाही मिळाला. टोपलीवर छत्री धरली, तळातले पाव कोरडे.

शेवट: पोदेर फेरीत चढला. सोहमला दोन उंडे. सोहम ओला.

तिसऱ्या दिवशी यावरून लिहिलेली तिची गोष्ट, शुद्धलेखन तेवढं मी सुधारलं आहे:

"पाऊस पडत होता. सोहम पिशवी घेऊन फेरीच्या धक्क्यावर उभा होता. त्याला पाव हवे होते. पों पों करत पोदेर आला. पण उतारावर त्याची सायकल घसरली. टोपली पडली आणि उंडे चिखलात गेले. एक कुत्रा उंडा घेऊन पळाला. सोहम त्याच्या मागे धावला. कुत्रा सापडला नाही. तेवढ्यात फेरीचा भोंगा वाजला. पोदेर म्हणाला, आता पलीकडे काय नेऊ? सोहमने आपली छत्री टोपलीवर धरली. पोदेराने तळातले कोरडे पाव वेगळे केले. ते प्लास्टिकमध्ये बांधले. तो धावत फेरीत चढला. जाताना त्याने सोहमला दोन उंडे दिले. सोहम घरी गेला. आई म्हणाली, छत्री असून भिजलास कसा?"

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं, कागदावर ते नव्हतं. लिहिताना सुचलं. आराखडा आधी केलेला असला की लिहिताना डोकं थोडं मोकळं राहतं, आणि मग असं काहीतरी येतं.

खणांत पूर्ण वाक्यं लिहू द्यावीत का?

नाही. एका ओळीत चार-पाच शब्द पुरेत. पूर्ण वाक्यं लिहिली की तिसऱ्या दिवशी मूल तीच वाक्यं वहीत उतरवून काढतं आणि वर्गात दोनदा तेच काम होतं. शिवाय खोडरबर निघतो. खणातल्या शब्दांत शुद्धलेखन तपासायचं नाही हे मी आधीच सांगून टाकते. "पावुस", "सायकाल", काहीही चालतं. ज्या मुलाला शब्दही जड जातात त्याने खणात चित्र काढावं. कलंडलेली टोपली काढली तरी आराखडा झाला.

सुरुवातच संपत नाही. "सकाळी उठलो, दात घासले…" असं चालतं. काय करू?

हे अगदी सर्रास होतं. मुलाला वाटतं, दिवस सुरू झाला की गोष्ट सुरू होते. त्याला सांगायचं, की अडचणीच्या दोन वाक्यं आधी सुरुवात कर. सोहमची गोष्ट धक्क्यावर सुरू होते, अंथरुणावर नाही. कागदावर सुरुवातीचा खण अरुंद असण्याचं एक कारण हेच. मी कधी कधी लिहून झालेल्या गोष्टीवर बोट ठेवून मुलाला विचारते, "हे वाक्य झाकलं तर गोष्ट कळते का?" "दात घासले" झाकलं तरी कळते. मग ते त्यानेच खोडायचं. स्वतः खोडलेलं लक्षात राहतं.

शेवटी "आणि मला जाग आली, ते स्वप्न होतं" असं लिहिलं तर?

वर्षातून एकदाच. खरंच, मी मुलांना तसं सांगते, प्रत्येकाला वर्षातून एक स्वप्न. स्वप्नाचा शेवट मुलं घेतात ते बहुधा अडचण सोडवायचा कंटाळा आला म्हणून. तेव्हा उपाय शेवटच्या खणात शोधायचा नाही, मधल्या खणात परत जायचं.

गोष्टीच्या खाली तात्पर्य लिहायचं की नाही?

आपण मुद्द्यांवरून गोष्ट लिहीत मोठे झालो. शेवटी एक रेघ आणि तिच्याखाली तात्पर्य, ते नसेल तर मार्क कापले जायचे. त्यामुळे पालकांना तात्पर्य नसलेली गोष्ट अर्धी वाटते. मुद्दे दिलेल्या गोष्टीत अडचण, उपाय, शेवट सगळं आधीच दिलेलं असतं, मुलाने फक्त मुद्द्यांमधल्या जागा भरायच्या. तिथे तात्पर्य शोभतं. चित्रावरच्या गोष्टीत मात्र तात्पर्य मागितलं की मुलं उलटी वाट धरतात. आधी "नेहमी खरे बोलावे" ठरवतात आणि मग त्याला जुळेल अशी गोष्ट ओढून आणतात. पोदेराच्या चित्रावर एकाने "कुत्र्याला चोरीची शिक्षा झाली" असं लिहून कुत्र्याला तुरुंगात टाकलं होतं, ते तात्पर्यासाठीच. मी तिसरीत तात्पर्य मागत नाही. परीक्षेत विचारलं तर ते वेगळं शिकवते, दहा मिनिटांचं काम आहे.

घरी कोकणी, शाळेत मराठी. मुलं मिसळून लिहितात. खोडायचं की ठेवायचं?

गोव्यातल्या मराठी शाळेत हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर तीन तुकड्यांत द्यावं लागतं, कारण मिसळणं एका प्रकारचं नसतं.

पहिला प्रकार शब्दांचा. पोदेर, उंडो, माटोळी यांना मराठीत दुसरा शब्द शोधत बसू नये. "पाववाला" लिहायला लावलं की मुलाच्या डोळ्यांपुढचा माणूसच बदलतो. सायकल, टोपली आणि पों पों सगळं जातं. हे शब्द गोष्टीत राहू द्यावेत.

दुसरा प्रकार व्याकरणाचा, आणि तो दुरुस्त करावाच लागतो. कोकणीत "तो गेलो", मराठीत "तो गेला". मूल "सोहम धावलो" लिहितं. गंमत अशी, की मराठीत "मी धावलो" बरोबर असतं, त्यामुळे "धावलो" हा शब्द त्याने मराठीतही ऐकलेला असतो आणि आपलं काही चुकलंय हे त्याला कळत नाही. दुसरी जागा मुलींची. कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगात बोलतात, "तें आयलें". म्हणून मूल "रिया आले, ते रडले" लिहितं, आणि मराठी वाचकाला वाटतं रिया कुणी आदरणीय गृहस्थ आहेत. या दोनच गोष्टी मी वर्षभर पकडून बसते. फळ्याच्या कोपऱ्यात "तो गेला, ती गेली, मी गेलो" असं कायम लिहिलेलं असतं. गोष्ट लिहून झाली की प्रत्येकाने आपल्या कागदावरची शेवटची अक्षरं त्याच्याशी ताडून पाहायची. फक्त क्रियापदांची शेवटची अक्षरं, बाकी काही नाही.

तिसरा प्रकार बोलण्याचा. पात्र जे बोलतं ते कोकणीत असलं तर मी हात लावत नाही. धक्क्यावरचा पोदेर "आरे, पळय!" असंच ओरडणार.

आणि खणांचा कागद? त्यात कोणतीही भाषा चालते. घरात उर्दू, कन्नड, हिंदी बोलणारी मुलंही वर्गात असतात. त्यांनी विचार त्यांच्या भाषेत करावा, खणात तसाच लिहावा, मराठीत आणायचं काम तिसऱ्या दिवशीचं. दोन्ही कामं एकदम करायला लावली की मुलाच्या हातून एकही होत नाही.

चित्र कसं निवडायचं?

तीन गोष्टी बघते. चित्रात एक किंवा दोनच माणसं किंवा प्राणी असावेत, काहीतरी अर्धवट घडत असावं, आणि एखादी गोष्ट तिथे का आहे हे लगेच कळू नये. पोदेराच्या चित्रात फेरी होती तशी.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं भरगच्च चित्र गोष्टीला वाईट. त्यात तीस माणसं, मिरच्या, चोरीस, मडकी, केळी. मुलं यादी करू लागतात आणि आपण पुन्हा "चित्रात… आहे" वर येतो. ते चित्र वर्णनासाठी ठेवावं.

चवथीच्या आरतीचं चित्रही तसंच फसतं, पण कारण वेगळं. तिथे सगळं नीट झालेलं असतं, बिघडलेलं काहीच नाही. मी त्याच चित्रात थोडा बदल करते. माटोळीला बांधलेला एक नारळ सुटून खाली येतोय आणि खाली मोदकांचं ताट आहे. चित्र तेच, पण आता पोरं हात वर करतात.

मोबाइलवर काढलेले फोटो चालतात का, असं बरेच जण विचारतात. चालतात, पण फोटोत सहसा काही घडत नसतं, माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसत असतात. साधं रेघांचं काळं-पांढरं चित्र बरं. झेरॉक्सवर स्पष्ट येतं आणि रंगवायला दिलं की लवकर लिहिणारी मुलं शांत बसतात. चित्र कितीही वेडंवाकडं असलं तरी पोरांना चालतं. माझ्या कुत्र्याला वर्गाने बकरी म्हटलं होतं, मग तीन गोष्टींत उंडा बकरीने नेला.

चार चित्रांची मालिका देणं सोपं नाही का?

सोपं आहे, म्हणूनच जूनमध्ये आठवडाभर तेच देते. क्रम लावणं त्यातून येतं. पण मालिकेत अडचण आणि उपाय दोन्ही चित्रकाराने ठरवलेले असतात. मुलं चार चित्रांची चार वर्णनं लिहून मोकळी होतात. म्हणून तिथून लवकर निघावं. मधली पायरी हवी असेल तर चार चित्रांतलं तिसरं झाकून द्यावं.

गोष्ट किती ओळींची असावी?

आठ ते पंधरा वाक्यं. पण ओळी मोजायला लावू नका. मोजायला लावलं की "खूप खूप खूप पाऊस पडला" असं लिहून ओळ भरतात.

सगळ्यांची गोष्ट एकसारखी येते. नक्कल ओळखायची कशी?

बहुतेक वेळा ती नक्कल नसते. आपण फळ्यावर जो नमुना लिहिला तो सगळ्यांनी उतरवलेला असतो. मी एकदा पूर्ण गोष्ट फळ्यावर लिहायची चूक केली. सव्वीस मुलांपैकी एकोणीस जणांच्या गोष्टीत पोदेर त्याच वाक्यात रडला. आता फळ्यावर फक्त सुरुवातीचा खण सगळ्यांनी मिळून भरतो. मधला खण चर्चेनंतर पुसून टाकते आणि मगच पेन्सिली काढायला सांगते. तरी दोन-तीन जण सारखंच लिहितात, ते शेजारी बसणारे मित्र असतात. त्यांना दोघांत एकच गोष्ट लिहू द्यावी, पण शेवट दोन वेगळे.

तपासायचं कसं? मार्क कशाला द्यायचे?

पहिल्या वाचनात पेन हातात घेत नाही. चार गोष्टी बघते: चित्रातला क्षण गोष्टीत आला का, काही बिघडलं का, कुणी प्रयत्न केला का, आणि शेवट त्याच अडचणीचा आहे का. यातली चौथी सगळ्यात जास्त निसटते. पाव भिजले हे बिघडलं आणि शेवट "मग सोहम शाळेत गेला, त्याचा पहिला नंबर आला" असा असेल, तर शेवट दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तेव्हा मुलाच्या हातात खणांचा कागद देऊन अडचणीच्या ओळीपासून शेवटच्या खणापर्यंत बोटाने रेघ ओढायला सांगते. रेघ जुळत नाही हे त्याला स्वतःला दिसतं.

त्यानंतर भाषेची एकच दुरुस्ती. एका गोष्टीत एकच प्रकार, एका आठवड्यात क्रियापदांची शेवटं, दुसऱ्या आठवड्यात पूर्णविराम. सगळा कागद लाल करून दिला की पुढच्या वेळी मूल चार वाक्यांतच थांबतं, कारण जेवढं कमी लिहावं तेवढं लाल कमी.

ज्यांना अजून सलग लिहिताच येत नाही त्यांचं काय?

दरवर्षी अशी तीन-चार मुलं असतात. त्यांनी खणांत चित्रं काढून गोष्ट तोंडी सांगावी आणि चौथीतल्या मुलाने ती उतरवून घ्यावी. मग त्या कागदावरचं एक वाक्य, फक्त एक, लहान मुलाने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहायचं. कोणतं ते त्याने निवडायचं. बहुतेक जण कुत्र्याचंच वाक्य निवडतात. यात एक धोका आहे, चौथीतली मुलं उतरवताना गोष्ट "सुधारतात". त्यांना बजावून सांगावं लागतं, की तो बोलला तेच लिहायचं.

घरी पालकांनी काय करावं?

लिहून घेऊ नका. चित्र समोर ठेवून दोनच प्रश्न विचारा: "याच्या आधी काय झालं असेल?" आणि "आधी त्याने काय केलं जे जमलं नाही?" कोकणीतच विचारा, हरकत नाही. आजी घरात असेल तर तिला विचारू द्या. आज्या उत्तर ऐकून "आनी मागीर?" म्हणतात आणि थांबतात. आईबाबा थांबत नाहीत, स्वतःच उत्तर देऊन टाकतात. वहीत आईच्या हातचं "निसर्गरम्य" सापडलं की मला लगेच कळतं.